काचेला चिकटलेला कोपरा आणि आजोबांचा कान

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात असो की विदर्भातल्या दुसऱ्या कुठल्या गावात, जुन्या घराच्या ओसरीवर टांगलेल्या फोटोचं पहिलं नुकसान बहुतेकदा पावसाळ्यात होतं. भिंतीला ओल येते आणि ती फ्रेममध्ये शिरते. कृष्णधवल फोटोवरचा जिलेटिनचा थर ओला झाला की मऊ पडतो आणि समोरच्या काचेला चिकटतो. उन्हाळ्यात तो वाळून घट्ट बसतो. मग कधीतरी रंगकामासाठी फ्रेम उतरवली जाते, कुणीतरी मागचे खिळे काढून फोटो ओढतं आणि कोपरा फाटतो.

म्हणून कोपरा हरवलाय असं म्हणण्याआधी काच उजेडासमोर धरून पाहायला हवी. पुष्कळदा चेहऱ्याचा तो तुकडा काचेवरच शाबूत असतो आणि घरच्यांनी ती काच फुटकी समजून अडगळीत टाकलेली असते. असा तुकडा खरवडायचा नाही, पाण्यात भिजवायचाही नाही. काचेसकट तो स्कॅन करायचा, म्हणजे बाकीचं जोडकाम संगणकावर होतं.

काचेवर काहीच नसेल, तर दुसरा शोध नातेवाइकांकडे. एका निगेटिव्हवरून तीन-चार प्रती काढून घ्यायची पद्धत सर्रास होती. लेक सासरी जाताना एक प्रत घेऊन जायची, एखादी मामाकडे राहायची. आत्याच्या ट्रंकेत तोच फोटो मिळाला तर अंदाजाने काही घडवावं लागतच नाही. मूळ कोपराच परत येतो. हे दोन्ही शोध संपले, की मगच त्या माणसाच्या दुसऱ्या फोटोंकडे वळावं. खरं अवघड काम तिथून पुढे आहे.

एक उदाहरण धरून चालू. सहा बाय आठ इंचाचा आडवा फोटो आहे. डावीकडे आजी, उजवीकडे आजोबा. आजोबांचं वय पस्तिसेक. चेहरा किंचित त्यांच्या उजव्या हाताकडे वळलेला, त्यामुळे कॅमेऱ्याला त्यांचा डावा कान दिसत होता. नेमका वरचा उजवा कोपरा गेलाय आणि त्याबरोबर तो कान, कानाजवळचे केस आणि फेट्याची एक बाजू. हाताशी दोन फोटो आहेत. एक लग्नातला समूहफोटो, दुसरा सत्तरीत ओळखपत्रासाठी काढलेला.

समूहफोटो वयाने जवळचा, म्हणून मन आधी त्याच्याकडेच धावतं. पण मोजून पाहा. मोठ्या फोटोत आजोबांचं डोकं सुमारे ४० मिलिमीटर उंच आहे, समूहफोटोत जेमतेम ८. दोन्ही १२०० डीपीआयवर स्कॅन केले तर पहिल्यात डोक्याला सुमारे १,९०० पिक्सेल मिळतात आणि दुसऱ्यात ३८०. म्हणजे समूहफोटोतलं डोकं पाचपट ताणावं लागेल. स्कॅनरचा आकडा वाढवूनही फारसं साधत नाही, कारण कागदावरच्या चांदीच्या कणांत तेवढा तपशीलच नसतो. या फोटोचा उपयोग एवढाच की फेटा कसा बसायचा, कानाचा किती भाग झाकायचा, शेमला कुठून सुटायचा हे त्यावरून कळतं. नकाशा इथून घ्यायचा, कातडीचा पोत इथून नाही.

ओळखपत्राचा फोटो ठळक असतो, पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली वयाची. कान म्हातारपणी लांबतात हे घरोघरच्या आज्या सांगत आल्यात. इंग्लंडमधले डॉक्टर जेम्स हीथकोट यांनी तिशीपुढच्या २०६ जणांचे कान मोजून १९९५ साली त्याचा हिशोब मांडला: वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर. पस्तीस वर्षांचे झाले सात-आठ मिलिमीटर. सत्तरीतला कान साधारण ७० मिलिमीटरचा धरला, तर तो अकरा टक्क्यांच्या आसपास लहान करावा लागेल. सरासरी सगळ्यांना तंतोतंत लागू पडत नाही, पण कान होता तसा उचलून बसवला तर पस्तिशीच्या चेहऱ्यावर म्हाताऱ्याचा कान दिसेल आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येणार नाही. कानाच्या आतल्या वळ्या मात्र भरवशाच्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस पोलिसांत आल्फाँस बर्तियाँ गुन्हेगार ओळखायला कानाच्या ठेवणीवर मोठी भिस्त ठेवत होते.

दुसरी अडचण अंतराची. ओळखपत्राचा फोटो जवळून काढलेला असतो. जवळच्या कॅमेऱ्यात नाक पुढे येतं आणि कान मागे, लहान पडतात. स्टुडिओतला मोठा फोटो लांबून घेतलेला असतो. म्हणून माप जुळवताना फक्त दोन डोळ्यांमधलं अंतर धरून चालत नाही. चेहरा वळलेला असेल तर ते अंतर तसंही आखडतं. डोळ्यांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचं उभं माप जास्त विश्वासाचं, आणि तेही मान वर-खाली झुकलेली नसेल तर.

आता उजेड. जुन्या स्टुडिओत प्रकाश बहुधा एका बाजूने यायचा. तो कुठून आला हे बुबुळातल्या पांढऱ्या ठिपक्यावरून कळतं. ठिपका डावीकडे असलेल्या फोटोत उजवीकडून उजळलेला कान बसवला, तर सावल्या भांडतात. इथे कारागिराला मोह होतो तो दुसरा फोटो आरशासारखा उलटवण्याचा. या मोहाचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. जॉन कॅलहून या नेत्याच्या उभ्या चित्रावर अब्राहम लिंकनचं डोकं बसवलेलं एकोणिसाव्या शतकातलं एक चित्र बरीच वर्षं खरं म्हणून चाललं. लिंकनच्या गालावरचा तीळ उलट्या बाजूला आहे हे स्टेफान लोरांट यांनी पुढे हेरलं, कारण डोकं फोटोवरून उलटवून घेतलेलं होतं.

आपल्याकडे ही चोरी आणखी लवकर पकडली जाते. नथ दुसऱ्या नाकपुडीत जाते, कोटाचा खिसा उजव्या छातीवर येतो, पदराचा खांदा बदलतो. कानाचा एकटा तुकडा उलटवला तर असं काहीच ओरडून सांगत नाही, म्हणून तिथे जास्त जपावं लागतं. डावा आणि उजवा कान तंतोतंत सारखे नसतात. उजेड जुळत नसेल तर फोटो उलटवू नये, सावल्या हाताने रंगवून घ्याव्यात.

फेट्याचं काय करायचं? फेटा दर वेळी नव्याने बांधला जातो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या चुण्या या फोटोत आणल्या तरी त्या खऱ्या होत नाहीत. फाटलेल्या कडेपर्यंत आलेल्या चुण्या आपल्याच दिशेने पुढे न्याव्यात आणि टोकाला मऊ सोडाव्यात. मागच्या पडद्याचंही तेच. त्यावर मुद्दाम नक्षी काढणं म्हणजे नसलेलं सांगणं.

सगळं जुळलं की नवा भाग डोळ्यात भरतो, कारण तो फार स्वच्छ असतो. जुन्या फोटोला कण आहेत, त्याचा काळा रंग उडून तपकिरी झालेला आहे. नव्या भागाला तेवढाच कण, तेवढाच फिकेपणा द्यावा लागतो. तपासायची सोपी रीत म्हणजे फोटो पडद्यावर नखाएवढा करून बघणं. जोड लहान आकारात चटकन दिसतो. शेवटी फोटो घरातल्या दोन वडीलधाऱ्यांना वेगवेगळा दाखवावा, कुठे हात लावलाय ते न सांगता. दोघांनीही कानाशीच बोट ठेवलं तर काम परत उघडायचं.

मूळ स्कॅन वेगळ्या फाइलमध्ये तसाच राहतो, त्यावर काहीही करायचं नाही. नवी प्रत ज्या पाकिटात ठेवायची, त्यावर फोटो आत घालण्याआधी पेन्सिलने लिहायचं: वरचा उजवा कोपरा नव्याने केला, कान सत्तरीतल्या फोटोवरून, फेट्याची बाजू अंदाजाने. खाली तारीख.