४३ हजारांचा माल गेला कुठे?

३१ मार्चला दुकानाचं शटर अर्धं ओढून, वही-पेन घेऊन पोती मोजायची, हा किराणा दुकानदाराचा वार्षिक कार्यक्रम. मोजणीचा आकडा वह्यांशी जुळत नाही, हेही दरवर्षीचंच. सीएंचा फोन येतो, ‘फरक का?’ आणि बहुतेक जण म्हणतात, ‘साहेब, तुम्हीच बघा काय ते.’ त्याऐवजी फरकाचा हिशेब लिहून दिला तर काय होतं, ते खालच्या नमुनापत्रावरून कळेल. सोयीसाठी आकडे गोल घेतले आहेत.

सीए साहेबांस,
स. न. वि. वि.

तुमच्या हिशेबाने वर्षअखेरचा शिल्लक माल ४,३०,००० रुपयांचा हवा. मी आणि मुलाने मोजला, तो खरेदीच्या भावाने, जीएसटी वगळून, ३,८७,००० भरला. फरक ४३,०००.

आधी तुमचा आकडा कसा आला ते पाहू. सुरुवातीचा माल ४,१०,०००, वर्षाची खरेदी ३८,००,०००. विक्री ४२ लाख. तिच्यातून नेहमीचं दहा टक्के मार्जिन वजा केलं, तर विकलेल्या मालाची खरेदी किंमत ३७,८०,००० येते. उरले ४,३०,०००. म्हणजे हा आकडा मोजलेला नाही, मार्जिनवरून काढलेला आहे.

आता फरकाची फोड.

पहिले २०,००० वाटेत होते. तेलाच्या १० डब्यांचं बिल ३० मार्चचं आहे आणि ते खरेदीत धरलंय. डबे मात्र २ एप्रिलला उतरले, म्हणून मोजणीत आले नाहीत. वाटेतली जोखीम माझी, असं ठरलेलं असल्याने माल माझाच होता. तो शिल्लक मालात धरावा. बिल आणि बिल्टी सोबत आहे.

दुसरे १०,००० मार्जिनचे. दिवाळीत समोरच्या दुकानाने साखर-तेलाचे भाव पाडले, म्हणून मलाही पाडावे लागले. त्या दोन लाखांच्या विक्रीवर पाचच टक्के सुटले. तुम्ही दहा धरलेत. माल विकला गेला आहे, फायदा मात्र कमी झाला आहे.

तिसरे ६,००० घरच्या डब्यात गेले. महिन्याला साधारण ५०० रुपयांचा किराणा वर जातो, पण त्याची नोंद करायचं राहून गेलं. तो माझ्या नावे उचल म्हणून टाकावा. दुकानाचा तोटा म्हणून नको.

चौथे ४,००० म्हणजे मुदत संपलेली आणि उंदरांनी कुरतडलेली बिस्किटं. कंपनीने परत घेतली नाहीत, म्हणून फेकली. यादी आणि फोटो जोडले आहेत.

उरले ३,०००. गुळाचं वजन घटतं, सुटी डाळ तोलताना चार दाणे जास्त पडतात. एखादं पाकीट चोरीलाही गेलं असेल. यातलं किती कशामुळे, ते मला सांगता येणार नाही.

आपला,
दुकानदार

हे पत्र नसतं तर दोन चुका संभवत होत्या. वह्यांतला ४,३०,००० चा आकडा तसाच ठेवला असता, तर ४,२०,००० एकूण नफा दिसला असता आणि न मिळालेल्या पैशांवर कर भरावा लागला असता. उलट मोजणीचा ३,८७,००० चा आकडा डोळे झाकून घेतला असता, तर नफा ३,७७,००० वर आला असता. म्हणजे वाटेतलं तेल आणि घरचा किराणा, दोन्ही दुकानाच्या तोट्यात गेले असते.

खरा शिल्लक माल ४,०७,०००, म्हणजे मोजलेला अधिक वाटेतला. घरची उचल खरेदीतून वजा केली की एकूण नफा ४,०३,००० येतो. ४३,००० च्या फरकातले दुकानाच्या कमाईतून गेले ते फक्त १७,०००. हाच ४,०७,००० चा आकडा १ एप्रिलला पुढच्या वर्षाचा सुरुवातीचा माल होतो, त्यामुळे आज इथे झालेली चूक पुढच्या नफ्यातही उतरते.

एक गोष्ट मात्र दुकानदाराने लिहिली नाही, ती सीएंना विचारावी लागेल. फेकलेल्या बिस्किटांवर आणि घरी नेलेल्या किराण्यावर खरेदीच्या वेळच्या जीएसटीची वजावट घेतली असेल, तर तेवढी परत करावी लागते. म्हणून फेकण्याआधी यादी करायची आणि कोणत्या बिलातला माल ते तिच्यात लिहायचं.

शेवटच्या ३,००० रुपयांना पुरावा नाही, आणि दुकानदाराने तो ओढूनताणून आणलेलाही नाही. पुढच्या वर्षी हीच घट ३,००० च्या आसपास राहिली, तर ती गुळाची आणि तराजूची म्हणता येईल. १५,००० झाली, तर मात्र गल्ल्याकडे आणि मागच्या दाराकडे बघायला हवं.