दहा पावले पुढे चालणारा मुलगा

वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान झाले आहे. रामनवमीच्या यात्रेस दूरदूरच्या तांड्यांवरून माणसे येतात. त्या गर्दीत आम्हांस एक मायलेकरांची जोडी दिसली. आई फेटिया-कांचळी आणि आरशांची ओढणी या वेषात होती. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा जीन्सची विजार घालून तिच्यापुढे दहा पावले चालत होता. समोरून त्याच्याच वयाची काही मुले आली, तेव्हा त्याने पावलांचा वेग आणखी वाढविला. या समाजाचा वारसा मांडणारे मोठे संग्रहालय २०२४ च्या ऑक्टोबरात याच गावी उघडले. ज्या वारशाचा आत मान होतो, त्याचीच बाहेर चारचौघांत त्या मुलास लाज वाटत असावी, असे आमच्या मनात आले.

आपल्या माणसांची लाज वाटणे आणि त्या लाजेचीही पुन्हा लाज वाटणे, हे या वयातील मोठे दुःख होय. ते मूल वडीलधाऱ्यांस सांगत नाही. ते समजून घेण्यास नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट आम्हांस फार उपयोगी वाटतो. तो २०१३ साली तयार झाला व २०१४ च्या फेब्रुवारीत चित्रगृहांत आला. त्यातील जब्या हा कैकाडी समाजाचा शाळकरी मुलगा. कैकाडी आणि बंजारा हे समाज वेगळे, त्यांचे इतिहासही वेगळे. परंतु जब्याची अडचण पाहिली म्हणजे पोहरादेवीच्या त्या मुलाची भरधाव पावले उमगतात.

जब्यास वर्गातील शालू आवडते, आणि तिने आपणांस घरच्या कामावरून ओळखू नये एवढीच त्याची इच्छा आहे. ते काम डुकरे धरण्याचे. ‘फँड्री’ या शब्दाचा कैकाडी भाषेतील अर्थही डुक्कर असाच आहे. शेवटी, शाळेतील मुले पाहत असता, सर्व कुटुंबास डुकराच्या मागे धावावे लागते. जब्या आडोशास लपतो. बाप त्यास शोधून बाहेर ओढतो व मारतो. हा बाप दुष्ट नव्हे. किशोर कदम यांनी उभा केलेला हा गरजू मनुष्य मुलीच्या लग्नाच्या चिंतेत आहे, आणि मुलाची लाज त्यास परवडत नाही. एरवीच्या चित्रपटात येथे मुलाच्या तोंडी एखादे भाषण आले असते, मागून करुण वाद्ये वाजली असती, आणि बापलेकांनी एकमेकांस मिठी मारली असती. मग प्रेक्षक डोळे पुसून मोकळा झाला असता. येथे निराळेच घडते. डुक्कर हाताशी आलेले असता शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, आणि डुक्कर निघून जाते. कोणी काही बोलत नाही. अखेरीस चिडविणाऱ्यांवर जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर, म्हणजे आपल्या अंगावर येतो.

तो आपल्यावर का यावा? आमच्यासारख्या घरांतील मुले बहुधा डुकरामागे धावत नाहीत. ती पाहणाऱ्यांत बसलेली असतात. तेव्हा आपल्या मुलास वर्गात कोण चिडवितो, एवढे विचारून भागणार नाही. आपला मुलगा कोणास हसतो, हेही विचारावे लागेल. हा प्रश्न आम्हांस अधिक अवघड वाटतो.

मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी २०११ साली केलेला ‘शाळा’ याच्याजवळ ठेवून पाहावा. आणीबाणीच्या काळातील नववीतला मुकुंद जोशी पांढरपेशा घरातला आहे. त्याच्या वाट्याला जब्याचा अपमान नाही. परंतु त्याचेही मन आईबापांपाशी उघडत नाही. ते उघडते नरूमामापाशी. जब्यासही सायकलवाला चंक्या आहे. तो त्याचे ऐकतो, हसत नाही. मात्र काळ्या चिमणीच्या राखेने मुलगी वश होते, अशी वेडी आशाही तोच लावतो. ऐकणारा भेटला म्हणजे सल्ला शहाणपणाचाच मिळेल असे नाही. पण ऐकणारा कोणीच नसेल, तर मूल दहा पावले पुढे चालत राहते.

एकत्र कुटुंबात काका, मामा, आत्या असतात. हे दोन चित्रपट त्यांनी आधी मुलांवाचून पाहावेत. पुढे मुलांबरोबर पाहिले, तर संपताच ‘यातून काय शिकलास?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाने चित्रपटाचा धडा होतो, आणि मूल उठून जाते. आपल्या शाळेच्या दिवसांत आपण कोणास हसलो होतो, हे वडीलधाऱ्याने प्रथम स्वतःच सांगावे.