वर स्कोअर, खाली नकाशा

एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये 'ईएसएल वन मुंबई' ही डोटा २ ची स्पर्धा झाली. भाच्याच्या हट्टापायी मीही गेलो होतो. भल्यामोठ्या पडद्यावर हिरवं-जांभळं जंगल, त्यात दहा चित्रविचित्र प्राणी, मधूनच विजा, आणि पोरांचा असा गलका की वानखेडेची आठवण यावी. मी आपला पडद्याच्या वरच्या कडेला असलेले दोन आकडे धरून बसलो होतो. एका संघाचे १८ बळी, दुसऱ्याचे ११. "हे जिंकताहेत ना?" मी विचारलं. भाचा म्हणाला, "मामा, तू वर नको बघूस. खाली नकाशा बघ. हे हरताहेत."

अठरा बळी घेणारा संघ हरतो कसा, हे समजायला मला पुढे काही महिने लागले. नवख्या प्रेक्षकाला डोटा बघताना एवढी एकच गाठ सोडवायची असते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

खेळाची मांडणी सोपी आहे. पाच विरुद्ध पाच. चौकोनी नकाशाच्या दोन कोपऱ्यांत दोन तळ, आणि प्रत्येक तळाच्या पोटात 'एन्शंट' नावाची एक वास्तू. समोरच्यांची एन्शंट पाडली की खेळ संपला. बळी कितीही असोत, घड्याळात काहीही वाजलेलं असो. दोन तळांना जोडणारे तीन रस्ते आहेत, त्यांना लेन म्हणतात. या रस्त्यांवरून दर ३० सेकंदांनी दोन्ही बाजूंचे छोटे सैनिक आपोआप चालत निघतात आणि एकमेकांवर आदळतात. त्यांना क्रीप म्हणायचं. खेळाडू प्रत्येकी एक 'हिरो' चालवतो.

आता इकॉनॉमी. क्रीपवर शेवटचा घाव ज्याचा, सोनं त्याचं. आधी तुम्ही त्याला कितीही बडवलेलं असो. म्हणून सुरुवातीची दहा मिनिटं खेळाडू लढण्यापेक्षा अचूक वेळी एकेक घाव घालत बसलेले दिसतात आणि नवा प्रेक्षक कंटाळतो. पण सगळी कमाई तिथेच चाललेली असते. क्रीपच्या एका तुकडीतून साधारण दीडशे सोनं मिळतं आणि मिनिटाला अशा दोन तुकड्या येतात. जंगलातले प्राणी मारले तर त्यात भर पडते. चांगला खेळाडू निवांत सापडला तर मिनिटाला सहाशेच्या घरात सहज जातो.

आता डोममधल्या माझ्या कोड्याकडे या. समजा, एका संघाचे चौघेजण दबा धरून निघाले आणि त्यांनी समोरच्यांचा एक दुबळा हिरो मारला. पडद्यावर बळीचा आकडा वाढला, टाळ्या पडल्या. त्या बळीचे मिळाले फार तर तीनेकशे, तेही वाटून. पण या शिकारीत चौघांचं प्रत्येकी एक मिनिट गेलं. त्या मिनिटात त्यांनी ना क्रीप मारले ना जंगल साफ केलं, आणि समोरचा मुख्य मारेकरी नकाशाच्या दुसऱ्या टोकाला शांतपणे सहाशे कमावून बसला. असं पाच-सहा वेळा झालं की बळी एकाचे आणि पैसा दुसऱ्याचा, अशी स्थिती होते. कास्टर, म्हणजे या खेळाचे समालोचक, 'नेट वर्थ' म्हणतात तो हाच हिशेब: हातातलं सोनं आणि घेतलेल्या वस्तूंची किंमत मिळून प्रत्येकाची मालमत्ता. प्रक्षेपणात मधूनमधून तिचा आलेख दाखवतात. तो दिसला की चहाचा कप खाली ठेवावा.

पण एकूण रकमेनेही फसायला होतं. ती कुणाच्या खिशात आहे हे महत्त्वाचं. संघातल्या पाच जणांना एक ते पाच असे क्रमांक असतात आणि ते पैशावरच्या हक्काचे असतात. एक नंबरचा 'कॅरी' सगळ्यात जास्त खातो, पाच नंबरचा 'सपोर्ट' उपाशी राहून पहारा देतो, जखमा भरून काढतो, वेळ पडली तर कॅरीऐवजी स्वतः मरतो. घरात एकाच्या शिक्षणासाठी बाकीच्यांनी पोटाला चिमटा काढायचा, तसाच प्रकार. तीन हजारांची आघाडी कॅरीच्या खिशात असेल तर ती शस्त्र होते. तीच पाच जणांत पसरली तर बऱ्याचदा नुसती शिल्लक राहते.

सोन्याला दुसरीही एक अट आहे, आणि ती आपल्याला टेम्पोकडे घेऊन जाते. आपल्याकडे टेम्पो म्हणजे घर बदलताना सामान वाहणारी गाडी. त्यामुळे "दे हॅव द टेम्पो" असं कास्टर ओरडला की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा तीच यायची. त्याला म्हणायचं असतं ते असं: या घडीला चाल कोण करतंय आणि नुसतं उत्तर कोण देतंय?

उदाहरण घेऊ. एका संघाने खालच्या लेनमधल्या बुरुजावर हल्ला चढवला. बुरुज वाचवायला समोरच्या दोघांनी 'टाउन पोर्टल' वापरलं. हे एक गुंडाळीपत्र असतं. ते वापरलं की तीन सेकंदांत माणूस दूरच्या बुरुजापाशी पोचतो. ते दोघे आले तसे हल्लेखोर बिनबोभाट मागे फिरले. काहीच घडलं नाही, असं आपल्याला वाटतं. पण त्या दोघांना आता एक मिनिटाहून जास्त काळ पुन्हा तसं उडता येणार नाही, आणि हल्लेखोर वरच्या लेनकडे चालू लागलेले असतात. तिथला बुरुज वाचवायला कुणी पोचू शकत नाही. बळी शून्य, लढाई शून्य, तरी डाव एका बाजूला कलला. कबड्डीत एखादा संघ सलग चढायांनी समोरच्यांना कोपऱ्यात ढकलत नेतो, गुण न घेताही, तसंच हे.

टेम्पोला मुदत असते. एखाद्या हिरोने जादूपासून काही काळ बचाव देणारं 'ब्लॅक किंग बार' विसाव्या मिनिटाला घेतलं, तर पुढची काही मिनिटं तो जवळजवळ अडवता येत नाही, कारण समोरच्यांकडे त्याचा उतारा अजून आलेला नसतो. तिसाव्या मिनिटाला उतारा येतो. शिवाय त्या वस्तूचा बचाव प्रत्येक वापरागणिक आखूड होत जातो. कास्टर 'टायमिंग' किंवा 'विंडो' म्हणतो ती मधली मिनिटं. ज्या संघाने एवढं महाग शस्त्र घेतलं आणि ती मिनिटं जंगलात प्राणी मारत घालवली, त्याच्यावर कास्टर चिडलेले तुम्हाला ऐकू येतील. चिडणं रास्त असतं.

मग ही मिनिटं कशावर खर्च करायची? ऑब्जेक्टिव्हवर. डोटात मेलेला हिरो थोड्या वेळाने परत येतो. पैसे मोजून 'बायबॅक' केलं तर तत्क्षणी परत येतो, पण त्यानंतर आठ मिनिटं ती सोय बंद. म्हणून शेवटच्या लढायांत कास्टर "नो बायबॅक!" म्हणून किंचाळतो. बुरुज मात्र परत उभा राहत नाही. प्रत्येक बाजूला ११ बुरुज, त्यामागे सैनिकांच्या छावण्या आणि सगळ्यांच्या मागे एन्शंट. जे पडलं ते कायमचं पडलं. लढाई जिंकून त्या सेकंदांत बुरुज न पाडता पळालेला संघ पाहिला की मला कॅरमची राणी आठवते. राणी खिशात गेली, पण कव्हर दिलं नाही. ती परत पाटावर येते.

बुरुजांखेरीज एक वेगळं ऑब्जेक्टिव्ह म्हणजे रोशन, नदीकाठच्या खळग्यात बसलेला राक्षस. त्याला मारलं की 'इजिस' मिळतं. ते ज्याच्याकडे असेल तो मेला तरी पाच सेकंदांत जागच्या जागी उठतो. पण इजिस पाच मिनिटांत वापरलं नाही तर निघून जातं, म्हणजे इथेही कव्हर द्यावंच लागतं. रोशन मेल्यावर ८ ते ११ मिनिटांच्या मध्ये कधीतरी पुन्हा येतो. नेमकं कधी हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून दोन्ही संघ तिथे चोरून डोकावत असतात.

याच रोशनपाशी डोटाच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला क्षण घडला. ८ ऑगस्ट २०१५, सिअ‍ॅटलचं कीअरिना, 'द इंटरनॅशनल'ची अंतिम फेरी. एका बाजूला अमेरिकेचा एव्हिल जीनियसेस, दुसऱ्या बाजूला चीनचा सीडेक. सीडेक वाइल्ड कार्डमधून आलेला, आणि अंतिम फेरीच्या वाटेवर त्याने याच अमेरिकन संघाला एकदा हरवलेलं होतं. एव्हिल जीनियसेसच्या मधल्या लेनमध्ये होता कराचीत जन्मलेला सुमैल हसन, वय १६.

चौथ्या डावात सीडेकचा संघ रोशनसाठी खळग्यात शिरला. निर्णय वेडगळ नव्हता, ऑब्जेक्टिव्ह घ्यावंच लागतं. पण ऑब्जेक्टिव्हची एक किंमत असते, जी कास्टर फारसं बोलून दाखवत नाहीत. ते तुमच्या संघाला ठरावीक जागी, दाटीवाटीने उभं करतं, आणि ती जागा शत्रूला माहीत असते. बाहेरून 'पीपीडी' या नावाने खेळणाऱ्या कर्णधाराने 'आइस ब्लास्ट' सोडला. तो ज्यांना लागतो त्यांच्या जखमा भरणं थांबतं, आणि जीव एका मर्यादेखाली गेला की ते जागीच फुटतात. पाठोपाठ 'युनिव्हर्स' हा खेळाडू अर्थशेकर हा हिरो घेऊन आत आला आणि त्याने 'एको स्लॅम' मारला. या तडाख्याचा गुण असा की आजूबाजूला शत्रू जितके जास्त, तितके प्रतिध्वनी जास्त, तितका घाव मोठा. नदीकाठच्या उघड्या जागेत त्याने एखाददुसरा जखमी झाला असता. खळग्यात सीडेकचा जवळजवळ सगळा संघ काही क्षणांत आडवा झाला.

एव्हिल जीनियसेसने तो डाव आणि ३-१ ने सामना जिंकला. बक्षीस होतं ६६ लाख डॉलरहून अधिक, म्हणून त्या तडाख्याला लोक आजही 'सिक्स मिलियन डॉलर एको स्लॅम' म्हणतात.

त्या डावाचं चित्रीकरण यूट्यूबवर सहज सापडतं. एको स्लॅमच्या दोन मिनिटं आधीपासून लावा, आवाज बंद करा आणि मधल्या धुमश्चक्रीकडे न बघता फक्त कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर नजर ठेवा. सीडेकचे ठिपके नदीकडे सरकून एका जागी गोळा होताना दिसतील. मग आवाज चालू करून पुन्हा बघा.