लपलेला 'र'

'राष्ट्रनिर्मिती' या शब्दात 'र' किती? घाईत पाहणारा बहुधा एकच सांगतो, कारण डोळा सुरुवातीच्या 'रा'वरच अडकतो. पेन्सिल घ्या आणि शब्द सावकाश फोडा: रा, ष्ट्र, नि, र्मि, ती. ज्या तुकड्यात 'र' सापडेल, त्याखाली टिंब द्या. पहिले टिंब 'रा'खाली. दुसरे 'ष्ट्र'खाली, कारण तिथे 'र' ट च्या पायाशी दडून बसला आहे. 'नि' कोरा. 'र्मि'च्या डोक्यावर रफार, म्हणून तिसरे. 'ती' कोरा. टिंबे मोजा: तीन.

खरा फसवा शब्द 'कृत्रिम'. 'कृ' आपण 'क्रु' असा उच्चारतो खरा, पण त्यात 'ऋ' हा स्वर आहे. त्याला टिंब नाही. 'त्रि'ला मात्र आहे. उत्तर एक.