पुढच्या क्षणाचा आवाज आधीच कसा ओळखावा?

टेलिफोनवर कुणी ‘आ’ म्हटले की यंत्र सेकंदाला 8000 वेळा आवाजाची पातळी मोजते. त्यातला 20 मिलिसेकंदांचा तुकडा म्हणजे एक फ्रेम. तिच्यात 160 आकडे असतात. एवढ्या वेळात जीभ, जबडा फारसे हलत नाहीत. म्हणून प्रत्येक आकडा मागच्या आकड्यांवरून बराचसा सांगता येतो. या अंदाजाची गणिते 1960 च्या दशकात अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये कानपूरचे बिष्णू अटल आणि जपानमध्ये फुमितादा इताकुरा व शुझो साइतो यांनी आवाजाला लावली.

अंदाज मागच्या दोन आकड्यांवरून बांधायचा, तर त्या प्रत्येकाला किती वजन द्यायचे?

आधी फ्रेमच्या दोन्ही कडा हळूहळू शून्याकडे नेतात, नाहीतर अचानक तुटलेल्या टोकांमुळे चूक वाढते. मग फ्रेम स्वतःशीच ताडून पाहतात: न सरकवता, एक घर सरकवून आणि दोन घरे सरकवून. या जुळणीला स्वसहसंबंध म्हणतात. हिशेब सोपा राहावा म्हणून समजा, ही उत्तरे अनुक्रमे 1, 0.8 आणि 0.46 आली.

नॉर्मन लेव्हिन्सन यांनी 1947 मध्ये मांडलेली आणि जेम्स डर्बिन यांनी 1960 मध्ये सुटसुटीत केलेली रीत इथे उपयोगी पडते. दोन्ही वजने एकदम काढायची नाहीत. आधी एकाच मागच्या आकड्याचा विचार करायचा. त्याचे वजन 0.8 भागिले 1, म्हणजे 0.8. उरलेली चूक 1 − 0.8² = 0.36.

आता दुसरी पायरी. पहिल्या अंदाजानुसार दोन घरांवरची जुळणी 0.8 × 0.8 = 0.64 असायला हवी होती, पण ती 0.46 आहे. −0.18 चा हा फरक उरलेल्या 0.36 ने भागला की −0.5 मिळते. हेच दुसरे वजन. त्यामुळे पहिलेही बदलते: 0.8 + 0.5 × 0.8 = 1.2. चूक 0.36 × (1 − 0.25) = 0.27 वर येते. सूत्र असे:

x[n] ≈ 1.2 x[n−1] − 0.5 x[n−2]

प्रत्येक पायरीवर भागाकारातून आलेला आकडा, इथे 0.8 आणि −0.5, उणे एक ते एक यांच्या आत असायलाच हवा. तो बाहेर गेला तर चूक ऋण होते. आकडेमोडीतल्या गोलाईमुळे असे घडू शकते, आणि मग त्या वजनांवरून पुन्हा घडवलेला आवाज फुगत जाऊन कर्कश होतो.

या दोन वजनांतून घशातोंडाच्या पोकळीचा एकच अनुनाद मिळतो. वरच्या उदाहरणात तो सुमारे 710 हर्ट्झवर येतो. पुरुषाच्या ‘आ’चा पहिला अनुनाद साधारण याच आसपास असतो. मात्र त्याची रुंदी सुमारे 880 हर्ट्झ, म्हणजे खऱ्या अनुनादापेक्षा कितीतरी पसरट. ‘आ’ला आणखी अनुनाद असतात, म्हणून टेलिफोनच्या आवाजासाठी सहसा आठ ते दहा वजने घेतात. पायऱ्या तेवढ्या वाढतात, रीत तीच राहते.