डायलिसिसच्या सिस्टर निरोप घेतात तेव्हा

वॉर्डातला पेशंट बरा होऊन घरी जातो. निरोप घेणारा तो असतो. डायलिसिस युनिटमध्ये हे उलटं होतं. पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास, वर्षानुवर्षं येत राहतात आणि एक दिवस सिस्टरच जायला निघतात.

जीएनएम झालेली अशी एक सिस्टर पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला निघाली आहे असं धरू. मेट्रनना द्यायचा राजीनामा कोरडाच बरा. त्यात शेवटची तारीख आणि अनुभवाच्या दाखल्याची विनंती हवी. हे कागद पुढेही लागतात. मनातलं लिहायचं ते निरोपाच्या पत्रात.

त्यात ‘सर्व टीमचे आभार’ असं लिहिलं की कोणालाच काही पोचत नाही. त्याऐवजी तिने टेक्निशियनला लिहावं, ‘पहिल्या शिफ्टआधी तुम्ही पाण्यातलं क्लोरीन तपासलंत, म्हणून मी निर्धास्त मशीन लावू शकले.’ बाहेरच्या माणसालाही यातून काम कळतं. एका डायलिसिसमध्ये मशीनमधून सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी जातं, आणि त्यात क्लोरीन राहिलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. मावशी आणि मामांचेही आभार असेच, त्यांच्या नेमक्या कामाचे.

पेशंटविषयी लिहिणं जास्त अवघड. फिस्टुलाच्या हातात दर वेळी दोन जाड सुया जातात, एक रक्त बाहेर घ्यायला, दुसरी परत द्यायला. त्यामुळे ‘आज सुई कोण टोचणार?’ हा तिथला रोजचा प्रश्न. ज्या हातावर विश्वास बसलाय तो जाणार, हे पेशंटला पत्रातून कळू नये. ते सिस्टरने आधी समोर बसून सांगावं, आणि शेवटचे काही दिवस नव्या सिस्टरला शेजारी उभं करून टोचू द्यावं.

पत्रात नाव आणि फोटो नको हे बहुतेकींना माहीत असतं. पण ‘तीन नंबरच्या बेडवरचे शिक्षक काका’ असं लिहिलं तरी लहान गावात माणूस ओळखू येतो, आणि काकांनी आपला आजार कदाचित व्याह्यांनाही सांगितलेला नसतो. ‘माझा हात थरथरला तेव्हा “टोच गं पोरी, मी बघत नाही” म्हणून धीर देणारे तुम्ही सगळे’ एवढं पुरे. ज्याचं त्याला कळतं.

‘कधीही फोन करा’ हे वाक्य मात्र मला खटकतं. फिस्टुलावर बोट ठेवल्यावर जाणवणारी थरथर थांबली, तर वाहिनी गुठळीने बंद झालेली असू शकते. तिथे तास मोलाचे असतात. अशा वेळी पेशंटने वर्गात बसलेल्या सिस्टरचा फोन लावत बसू नये. म्हणून पत्राच्या शेवटी युनिटचा नंबर आणि नव्या सिस्टरचं नाव द्यावं.