दहावीचा इतिहास-राज्यशास्त्र : बारा पाठ, चार आठवडे

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या पुस्तकात इतिहासाचे नऊ आणि राज्यशास्त्राचे पाच असे एकूण चौदा पाठ आहेत. पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. आमच्याकडे जानेवारी संपता संपता येणाऱ्या मुलांची तक्रार ठरलेली असते : "सर, सगळं वाचलंय, पण लक्षात काहीच राहत नाही." अशाच एका मुलीचं उदाहरण घेऊ. तिला 'खेळ आणि इतिहास' आणि 'निवडणूक प्रक्रिया' हे दोन पाठ चांगले येत होते. उरले बारा. गणित-विज्ञान सांभाळून या विषयाला रोज सव्वा तासाच्या वर ती देऊ शकत नव्हती.

अशा वेळी मुलं बारा पाठ अठ्ठावीस दिवसांत सारखे वाटून टाकतात. आम्हाला ते पटत नाही, कारण पाठ सारखे नाहीत. इतिहासलेखनाचे पहिले दोन पाठ नावांनी आणि ग्रंथांनी भरलेले आहेत, ते एका वाचनात बसत नाहीत. पर्यटनाचा किंवा ठेव्यांच्या जतनाचा पाठ एका बैठकीत होतो. म्हणून जड पाठ आधी घ्यायचे. म्हणजे ते विसरायला आणि पुन्हा आठवायला वेळ मिळतो. जड पाठ शेवटच्या आठवड्यात घेतला तर तो वाचून होतो, पण पक्का होत नाही.

आठवडा आम्ही शनिवारी सुरू करतो आणि शुक्रवार नव्या पाठापासून मोकळा ठेवतो. जुम्याची धावपळ असतेच, शिवाय मागचं तपासायला एक दिवस लागतोच. पहिल्या आठवड्यात पाश्चात्त्य परंपरा आणि भारतीय परंपरा या दोन पाठांना दोन-दोन दिवस, मग 'संविधानाची वाटचाल' आणि 'राजकीय पक्ष' यांना एकेक दिवस. दुसऱ्या आठवड्यात उपयोजित इतिहास आणि भारतीय कला यांना दोन-दोन दिवस, प्रसारमाध्यमे आणि चळवळी यांना एकेक. तिसऱ्या आठवड्यात मनोरंजनाची माध्यमे, पर्यटन, ठेव्यांचे जतन आणि लोकशाहीसमोरील आव्हाने. या चार पाठांना चार दिवस पुरतात, दोन दिवस हातात राहतात. ते मागे पडलेल्या पाठासाठी. पाहुणे, ताप, घरातलं लग्न, काहीतरी येतंच! चौथ्या आठवड्यात नवा पाठ नाही.

आता एका पाठाचं काम प्रत्यक्ष कसं करायचं ते पाहू. भारतीय परंपरेचा दुसरा पाठ घ्या. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं शांतपणे वाचायचं, खुणा करायच्या नाहीत. मग पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं : कोणता लेखक, कोणता ग्रंथ, कोणत्या प्रकारचं लेखन. त्या मुलीला पहिल्यांदा कल्हणाचं 'राजतरंगिणी' आणि अबुल फजलचं 'अकबरनामा' एवढंच लिहिता आलं. बाणभट्टाचं 'हर्षचरित' सुटलं, तारीखे फिरोजशाही लिहिणारा झियाउद्दीन बरनी सुटला. पुस्तक उघडून सुटलेलं लाल शाईने त्याच कागदावर भरायचं. वाचताना "हे येतंय" असं वाटतं ते डोळ्यांना ओळखीचं झालेलं असतं. खरं काय येतं ते हा कागद सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा मिनिटांत तोच कागद पुन्हा कोरा लिहायचा आणि मग प्रश्नांकडे वळायचं. या पेपरात 'चुकीची जोडी ओळखा' यावर तीन गुण असतात आणि हा पाठ त्यासाठी सोयीचा आहे. मुलीने स्वतः चार जोड्या बनवल्या : ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' म्हणजे स्त्रीवादी लेखन, जेम्स मिलचा ब्रिटिश भारताचा इतिहास म्हणजे वसाहतवादी, रणजीत गुहा म्हणजे वंचितांचा इतिहास आणि दा. ध. कोसंबी म्हणजे राष्ट्रवादी. चुकीची जोडी शेवटची. पण एवढ्यावर थांबू नका. चुकीची कोणती ते सांगून कोसंबींचं लेखन मार्क्सवादी आहे हे सांगता आलं नाही, तर तो नशिबाचा गुण समजा. पुढच्या वेळी जोड्या बदलल्या की हुकणार.

खरी गळती मात्र 'सकारण स्पष्ट करा' मध्ये होते. एका विधानाला दोन गुण. मुलं विधानच वेगळ्या शब्दांत परत लिहितात आणि उत्तर झालं असं समजतात. उदाहरणार्थ, माध्यमांतून आलेली माहिती तपासून घ्यावी लागते. यावर "कारण ती तपासली पाहिजे, सगळी माहिती खरी नसते" असं लिहिलं तर कारण आलंच नाही. कारण असं हवं : बातमीवर वृत्तपत्राच्या धोरणाचा किंवा सरकारी दबावाचा परिणाम असू शकतो, आणि छापणाऱ्यालाच फसवलं गेलेलं असू शकतं. जर्मनीतल्या स्टर्न या साप्ताहिकाने १९८३ साली हिटलरच्या म्हणून डायऱ्या छापायला घेतल्या, त्या बनावट निघाल्या. दोन मुद्दे आणि एक दाखला, एवढ्यात दोन गुण मिळतात. आपलं उत्तर तपासायची सोपी रीत अशी : विधान हाताने झाका आणि फक्त उत्तर वाचा. त्यात नवी माहिती दिसली नाही तर पुन्हा लिहा.

घरात उर्दू आणि शाळेत मराठी असलेल्या मुलांना आम्ही एक सांगतो. कारण आधी घरच्या भाषेत बोलून पाहा, मग मराठीत लिहा. चळवळ म्हणजे तहरीक, संविधान म्हणजे दस्तूर, हे डोक्यात जुळलं की वाक्य आपोआप सरळ येतं. नाहीतर पाठ केलेलं मराठी वाक्य मध्येच तुटतं आणि पुढचं काहीच सुचत नाही.

राज्यशास्त्राला १२ गुण आहेत. मुलं ते शेवटच्या रात्रीवर टाकतात. पाठ छोटे आहेत हे खरं, पण 'चूक की बरोबर, सकारण सांगा' हे चार गुणांचं आहे आणि तिथेही वरचाच घोटाळा होतो. म्हणून आम्ही ते दर आठवड्यात पेरलेत.

शुक्रवारी त्या आठवड्याचे चारही कोरे कागद पुन्हा लिहायचे, आणि दुसऱ्या शुक्रवारपासून मागच्या आठवड्यातले सर्वांत जास्त लाल शाईचे दोनही. आधीपासून येणारे दोन पाठही एकेकदा तपासून घ्या.

सध्या काही वर्षं रमजान परीक्षेच्या आसपासच येतोय. रोजे असतील तर कोऱ्या कागदाचं काम सहरी आणि फज्रनंतर लगेच करावं, तेव्हा डोकं ताजं असतं. असर ते इफ्तार या वेळात नवा पाठ घेऊ नका. फार तर कोणाला तरी प्रश्न विचारायला सांगा. तरावीहनंतर जागून वाचलेलं सकाळी सहसा शिल्लक नसतं.

चौथ्या आठवड्यात दोन पूर्ण पेपर सोडवायचे, दोन्ही सकाळी ११ ते १, रोजा असला तर रोजाच्या अवस्थेतच, कारण खरा पेपरही त्याच वेळी असतो. उताऱ्याचे प्रश्न आधी वाचा आणि मग उतारा. त्या मुलीच्या पहिल्या पेपरात शेवटचा सविस्तर प्रश्न अर्धा राहिला होता, कारण टिपांवर तिने पाऊणपाऊण पान लिहिलं होतं. दुसऱ्या पेपरात तिने टीप पाच-सहा ओळींत संपवली आणि दहा मिनिटं हातात राहिली. दोन पेपरांच्या मधले दिवस फक्त चुकलेल्या प्रश्नांच्या पाठांसाठी. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक नाही, ते बारा कागद चाळायचे, त्यातलीही फक्त लाल शाई.